मसावि की लसावि? शाब्दिक उदाहरणांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"काढता दोन्ही येतात, पण गणित वाचून कोणता काढायचा तेच कळत नाही" अशा अर्थाचे मेसेज इतके येतात की शेवटी सगळे प्रश्न एका ठिकाणी लिहून टाकले. सोपे आधी, वाकडे नंतर. काही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय म्हणजे तेच तेच परत वाचायला नको.

१. मसावि आणि लसावि म्हणजे नक्की काय, एकदा सोप्या भाषेत सांगा ना?

१२ आणि १८ घ्या. या दोघांनाही पूर्ण भाग घालवणाऱ्या संख्या कोणत्या? १, २, ३ आणि ६. त्यातली सगळ्यात मोठी ६, तोच मसावि. आता उलटं बघा, कोणत्या संख्यांना १२ नेही पूर्ण भाग जातो आणि १८ नेही? ३६, ७२, १०८ अशी न संपणारी रांग आहे, त्यातली सगळ्यात लहान ३६, तोच लसावि.

गोंधळ होतो तो नावांमुळे. महत्तम म्हटलं की उत्तर मोठं येईल असं वाटतं, लघुत्तम म्हटलं की लहान, आणि प्रत्यक्षात बरोबर उलटं होतं. मसावि दिलेल्या सगळ्यात लहान संख्येपेक्षा कधीच मोठा नसतो आणि लसावि दिलेल्या सगळ्यात मोठ्या संख्येपेक्षा कधीच लहान नसतो. एवढं डोक्यात पक्कं असलं की निम्मी चुकीची उत्तरं बघताक्षणीच कळतात.

२. गणित वाचल्यावर कोणता काढायचा हे ठरवायचं कसं? एकच काहीतरी ट्रिक सांगा

ट्रिक एकच, कोण कोणाला भागतंय ते बघा. जे शोधायचंय त्याला क्ष म्हणा आणि गोष्टीतलं बाकी सगळं बाजूला ठेवून एकच वाक्य लिहा. एकतर "क्ष ने दिलेल्या संख्यांना पूर्ण भाग गेला पाहिजे" असं होईल, नाहीतर "दिलेल्या संख्यांनी क्ष ला पूर्ण भाग गेला पाहिजे" असं. पहिलं झालं तर मसावि, दुसरं झालं तर लसावि. तिसरंच काहीतरी झालं तर प्रश्न ८ आणि १२ बघा.

तेच आकडे दोन गोष्टींत घालून बघू. ४८ पेन आणि ६० वह्या आहेत, सगळं वाटून संपेल असे एकसारखे संच करायचेत, जास्तीत जास्त किती संच होतील? संच क्ष धरा. ४८ पेन क्ष संचांत सारखे वाटायचे म्हणजे क्ष ने ४८ ला भाग जायला हवा, वह्यांचं तसंच, म्हणून मसावि, १२ संच, प्रत्येकात ४ पेन आणि ५ वह्या. दुसरी गोष्ट, एक दिवा दर ४८ सेकंदांनी चमकतो, दुसरा दर ६० सेकंदांनी, आत्ता एकत्र चमकले तर परत एकत्र कधी? वेळ क्ष सेकंद. पहिला दिवा तेव्हा चमकायचा असेल तर क्ष हा ४८ च्या पाढ्यात हवा आणि दुसऱ्यासाठी ६० च्या पाढ्यात, म्हणजे ४८ ने क्ष ला भाग जातोय. लसावि, २४० सेकंद.

आकडे तेच, पण भागाकाराची दिशा बदलली. आकड्यांकडे बघून काही ठरत नाही ते असं.

३. "सर्वात मोठा" लिहिलं असेल तर मसावि आणि "कमीत कमी" असेल तर लसावि, असं आम्हाला शिकवलंय. हे चालतं ना?

बऱ्याचदा चालतं, आणि खरी पंचाईत तीच आहे. चालतं म्हणून सवय लागते आणि मग एक दिवस पेपरात आपटायला होतं.

४८ मुली आणि ६० मुलगे कवायतीला उभे करायचेत, प्रत्येक ओळीत सारखीच संख्या हवी आणि एका ओळीत फक्त मुली किंवा फक्त मुलगे, तर कमीत कमी किती ओळी लागतील? "कमीत कमी" दिसलं म्हणून लसावि काढला की २४० येतं आणि मुलं तर सगळी मिळून १०८ च आहेत. इथे एका ओळीतली संख्या क्ष आहे, तिने ४८ ला आणि ६० ला भाग जायला हवा. ओळी कमी हव्यात म्हणजे ओळ मोठी हवी, म्हणून मसावि १२. ओळी ४ + ५ = ९.

आता उलटं. १२, १८ आणि ३० ने पूर्ण भाग जाणारी चार अंकी सर्वात मोठी संख्या कोणती? "सर्वात मोठी" आहे, पण भाग क्ष ला जातोय, म्हणून लसावि, १८०. मग ९९९९ ला १८० ने भागलं तर ५५ वेळा जातं आणि बाकी ९९, ती वजा केली की ९९००.

मग हे शब्द बहुतेक वेळा बरोबर का निघतात? कारण सामाईक विभाजकांत १ नेहमीच असतो, त्यामुळे "सर्वात लहान विभाजक" विचारण्यात काही दम नाही, विचारायचा तर मोठाच. आणि सामाईक विभाज्यांना वर अंतच नाही, म्हणून विचारायचा तर लहानच. पण गणितात विचारलेली गोष्ट क्ष नसून क्ष वरून निघणारी दुसरीच काही असेल (ओळींची संख्या वगैरे), किंवा वर "चार अंकी" असं कुंपण घातलेलं असेल, तर शब्द फिरतात. म्हणून माझं म्हणणं, असले शब्द पहिल्या वाचनात बोटाने झाका आणि आधी क्ष चं वाक्य लिहा.

४. फरशीच्या गणितात दरवेळी चुकतं, कधी मसावि येतो कधी लसावि. नीट एकदा सोडवून दाखवाल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात आवडतोही, कारण फरशीत दोन्ही प्रकार अगदी शेजारी शेजारी राहतात.

पहिला प्रकार. खोली ५ मीटर २५ सेंटिमीटर लांब आणि ३ मीटर ७८ सेंटिमीटर रुंद आहे, न कापता चौरस फरशा बसवायच्या, फरशी मोठ्यात मोठी केवढी आणि किती लागतील? आधी सगळं सेंटिमीटरमध्ये, ५२५ आणि ३७८. फरशीची बाजू क्ष. लांबीवर फरशा पूर्ण बसल्या पाहिजेत, म्हणजे क्ष ने ५२५ ला भाग गेला पाहिजे, रुंदीसाठी ३७८ ला. मसावि.

एवढ्या आकड्यांचे अवयव पाडत बसण्यापेक्षा भागाकार पद्धत बरी. ५२५ ला ३७८ ने भागा, बाकी १४७. मग ३७८ ला १४७ ने, बाकी ८४. १४७ ला ८४ ने, बाकी ६३. ८४ ला ६३ ने, बाकी २१. ६३ ला २१ ने, बाकी शून्य. शेवटचा भाजक २१, म्हणजे फरशी २१ सेंटिमीटर बाजूची. लांबीवर ५२५ ÷ २१ = २५ बसतात, रुंदीवर ३७८ ÷ २१ = १८, एकूण २५ × १८ = ४५० फरशा.

इथे बरेच जण क्षेत्रफळ काढून त्याला नुसत्या २१ ने भागतात आणि ९४५० फरशा आणतात. क्षेत्रफळाने करायचंच असेल तर भागायचं २१ × २१ म्हणजे ४४१ ने. १,९८,४५० ÷ ४४१ = ४५०, जुळतं.

दुसरा प्रकार. फरशी २४ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद आहे, न कापता लहानात लहान चौरस जागा भरायची, चौरस केवढा? आता फरशी आधीच ठरलेली आहे आणि क्ष आहे चौरसाची बाजू. २४ च्या फरशा एका बाजूला पूर्ण बसायला हव्यात, १८ च्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोघांनी क्ष ला भाग जातोय. लसावि ७२. एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ४, एकूण १२ फरशा.

याच आकड्यांचा तिसरा प्रश्नही करता येतो. २४ × १८ चा कागद कापून मोठ्यात मोठे सारखे चौरस करायचे आणि कागद वाया घालवायचा नाही. मसावि ६, तुकडे ४ × ३ = १२. परत १२ च! हा योगायोग नाही, ७२ ÷ २४ आणि १८ ÷ ६ दोन्ही ३ च येतात, कारण दोन संख्यांचा गुणाकार आणि त्यांच्या मसावि-लसाविंचा गुणाकार सारखाच असतो.

थोडक्यात काय, मोठी जागा दिली असेल आणि तुकडा शोधायचा असेल तर मसावि, तुकडा दिला असेल आणि जागा शोधायची असेल तर लसावि. पण हे पाठ करू नका, क्ष चं वाक्य लिहिलं की आपोआप निघतं.

५. वरच्या ७२ च्या चौरसात सगळ्या फरशा एकाच दिशेने लावल्यात. काही आडव्या काही उभ्या लावल्या तर आणखी लहान चौरस होणार नाही का?

शंका एकदम रास्त आहे, पुस्तकं हे गृहीत धरून पुढे जातात. तपासून बघू.

फरशीचं क्षेत्रफळ २४ × १८ = ४३२. चौरसाच्या कडेला २४ आणि १८ असेच तुकडे लागणार, त्यामुळे बाजू पूर्णांकच असणार, आणि तिच्या वर्गाला ४३२ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. ४३२ म्हणजे चार वेळा २ आणि तीन वेळा ३ यांचा गुणाकार. वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो, म्हणून ३ निदान चार वेळा हवा, म्हणजे बाजूत तो दोनदा आणि २ ही दोनदा. बाजू ३६ च्या पाढ्यात आली. ७२ च्या आत असा एकच उमेदवार आहे, ३६.

३६ चालेल का? कडेला २४ ठेवली तर १२ उरतात आणि तेवढी फरशी नाही, म्हणून प्रत्येक कडेवर १८ आणि १८ च. आता कोपऱ्यातली फरशी बघा. तिची १८ ची बाजू खालच्या कडेवर आली तर २४ ची बाजू डाव्या कडेवर जाणारच, आणि तिथे २४ चालत नाही. म्हणून ३६ होत नाही, ७२ च लहानात लहान, फरशा कशाही फिरवा.

६. "दर तिसऱ्या दिवशी" आणि "तीन दिवस सोडून" एकच ना? माझं उत्तर उत्तरसूचीशी जुळत नाहीये

एकच नाही, आणि लसाविच्या गणितातली ही सगळ्यात चिडचिड करणारी जागा आहे. दर तिसऱ्या दिवशी म्हणजे १, ४, ७, १० तारखेला, अंतर ३. तीन दिवस सोडून म्हणजे १ तारखेनंतर २, ३, ४ गेल्या आणि ५ ला, अंतर ४. दिवसाआड म्हणजे अंतर २. लसावि काढायचा तो या अंतरांचा, गणितात छापलेल्या आकड्याचा नाही. एकजण दर चौथ्या दिवशी येतो आणि दुसरा पाच दिवस सोडून येतो, तर लसावि ४ आणि ६ चा, १२ दिवस. ४ आणि ५ चा घेतला की २० येतात आणि उत्तरसूची चुकली असं वाटायला लागतं.

दिव्यांचंही असंच. दिवा ३ सेकंद चालू आणि २ सेकंद बंद राहत असेल तर तो परत लागतो ५ सेकंदांनी. दोन दिवे एकाच क्षणी परत कधी लागतील असं विचारलं तर प्रत्येकाचं चालू अधिक बंद घ्यायचं. मात्र दोन्ही एकाच वेळी चालू कधी असतील असा प्रश्न असेल तर ते लसाविचं गणितच नाही, तिथे सेकंदांच्या पट्ट्या काढूनच बघावं लागतं.

७. लसावि बरोबर येतो पण "किती वेळा" विचारलं की एकने चुकतं, का?

अंतरं मोजली आणि ठिकाणं विचारली होती, म्हणून. तीन घंटा दर १२, १५ आणि २० मिनिटांनी वाजतात, सकाळी ८ ला एकत्र वाजल्या, दुपारी २ पर्यंत किती वेळा एकत्र वाजतील? लसावि ६० मिनिटं. ६ तासांत ६ अंतरं, पण ८ ची आणि २ ची दोन्ही धरली तर घंटानाद ७. "८ नंतर किती वेळा" असं विचारलं असतं तर ६. प्रश्नात "सुरुवातीची धरून" असं लिहिलेलं आहे का, ते दोनदा बघा.

खांबांच्या गणितात तर हे कायम होतं. ७२० मीटरच्या सरळ रस्त्यावर दर १२ मीटरवर खांब आहेत, आता दर १८ मीटरवर हवेत, पहिला खांब तिथेच ठेवला तर एकूण किती खांब हलवावे लागणार नाहीत? जो खांब जागेवर राहील त्याचं पहिल्यापासूनचं अंतर १२ च्याही पाढ्यात हवं, १८ च्याही, म्हणून लसावि ३६. ७२० ÷ ३६ = २०, आणि पहिला धरून २१.

पण गोल किंवा बंद आकार असेल तर अधिक एक करायचं नाही. ८४, १०५ आणि १२६ मीटर बाजूंच्या त्रिकोणी जागेभोवती सारख्या अंतरावर झाडं लावायची, प्रत्येक कोपऱ्यात एक हवंच, झाडं कमीत कमी हवीत. अंतर क्ष ने तिन्ही बाजूंना भाग जायला हवा, मसावि २१, झाडं ४ + ५ + ६ = १५. इथे शेवटचं झाड म्हणजेच पहिलं झाड.

८. गोल ट्रॅकवर धावणारे "पुन्हा केव्हा भेटतील" यात लसाविच काढायचा ना?

सुरुवातीच्या रेषेवर परत एकत्र केव्हा येतील असं विचारलं तर हो. एकाला फेरीला ६० सेकंद लागतात, दुसऱ्याला १००, दोघं एकाच दिशेला निघाले, तर रेषेवर एकत्र येतील लसावि म्हणजे ३०० सेकंदांनी.

पण नुसतं "पहिल्यांदा केव्हा भेटतील" असं असेल तर भेट ट्रॅकवर कुठेही होऊ शकते. वेगवान धावणारा सेकंदाला फेरीचा १/६० भाग पळतो, हळू धावणारा १/१००, फरक २/३०० म्हणजे १/१५० फेरी. पूर्ण एक फेरी पुढे जायला १५० सेकंद, तेव्हाच पहिली भेट. पडताळा घ्या, १५० सेकंदांत पहिल्याच्या अडीच फेऱ्या झाल्या आणि दुसऱ्याच्या दीड, दोघंही रेषेच्या बरोबर समोरच्या टोकाला. लसावि काढणाऱ्याला ही भेट दिसतच नाही. आणि धावणारे उलट दिशांना निघाले असतील तर फरकाऐवजी बेरीज घ्यायची.

गणितात वेग दिले असतील तर आधी प्रत्येकाचा एका फेरीचा वेळ काढा. थेट वेगांचा लसावि काढून काही हाती लागत नाही.

९. "भागल्यावर बाकी ५ उरते" अशी गणितं मसाविची की लसाविची?

दोन्हींची असतात, इथेही प्रश्न २ मधली दिशाच बघायची. फक्त आधी बाकी काढून टाकायची.

१६७ आणि २३९ ला कोणत्या मोठ्यात मोठ्या संख्येने भागलं तर दोन्हीकडे बाकी ५ उरते? क्ष भागतोय. बाकी वजा केली की १६२ आणि २३४, यांना क्ष ने पूर्ण भाग जातो, मसावि १८. बाकी वेगवेगळ्या दिल्या असल्या तरी काही अडत नाही, ज्याची त्याची बाकी त्याच्यातून वजा करा.

आता १२, १८ आणि ३० ने भागल्यावर प्रत्येक वेळी बाकी ७ उरते अशी लहानात लहान संख्या? इथे क्ष ला भागलं जातंय. लसावि १८० अधिक ७, म्हणजे १८७. (अगदी काटेकोर बोलायचं तर ७ हीच संख्या सगळ्यात लहान, कारण ७ ला १२ ने भागलं तर भागाकार ० आणि बाकी ७. गणितात "७ पेक्षा मोठी" असं लिहायला हवं, पण बहुतेक ठिकाणी लिहीत नाहीत.)

एक अट मात्र विसरू नका, भाजक बाकीपेक्षा मोठा हवा. २९ आणि ४२ ला भागल्यावर बाकी ९ उरते अशी संख्या मागितली तर २० आणि ३३ चा मसावि येतो १. १ ने भागून बाकी ९ कशी उरेल? अशी संख्याच नाही.

बाकी सारखी आहे पण किती ते सांगितलेलंच नाही, असंही येतं. ५७, ९९ आणि १८३ ला मोठ्यात मोठ्या कोणत्या संख्येने भागलं तर बाकी सारखी उरेल? वजाबाकी करा, बाकी आपोआप उडते. ९९ − ५७ = ४२ आणि १८३ − ९९ = ८४, मसावि ४२. तिन्हीकडे बाकी १५.

१०. प्रत्येक भाजकाला बाकी वेगळी असेल आणि संख्या शोधायची असेल तर?

आधी भाजकातून बाकी वजा करून बघा. १२ ने भागल्यावर ९, १८ ने भागल्यावर १५, ३० ने भागल्यावर २७. आकडे विचित्र दिसतात, पण १२ − ९, १८ − १५ आणि ३० − २७ सगळे ३ च. म्हणजे संख्येत ३ मिळवले की तिन्हींनी पूर्ण भाग जातो. लसावि १८० वजा ३, उत्तर १७७.

हा फरक सारखा नसेल तर नुसत्या लसाविने सुटत नाही. ५ ने भागल्यावर ३ आणि ७ ने भागल्यावर ४ हवी असेल तर मोठ्या भाजकाची यादी लिहा, ४, ११, १८, आणि ५ ने भागून बघत जा. १८ ला जमतं. एक सापडली की पुढच्या सगळ्या ३५ ने वाढवत मिळतात, ५३, ८८ आणि पुढे, इथे लसावि कामाला येतो. कधीकधी मात्र उत्तरच नसतं. ६ ने भागून बाकी १ म्हणजे संख्या विषम, ४ ने भागून बाकी २ म्हणजे सम, एकच संख्या दोन्ही कशी असेल?

११. दशांश किंवा अपूर्णांक असेल तर काय करायचं?

छोट्या एककात जा, बस. दीड मिनिट आणि सव्वादोन मिनिटं म्हणजे ९० आणि १३५ सेकंद, लसावि २७० सेकंद, साडेचार मिनिटं. १.५ आणि २.२५ मधले नुसते ठिपके उडवून १५ आणि २२५ करू नका. दोन्हींना १०० नेच गुणा, १५० आणि २२५, लसावि ४५०, परत १०० ने भागून ४.५. अपूर्णांकांचं सूत्रही आहे (लसावि हवा तर अंशांचा लसावि भागिले छेदांचा मसावि, अपूर्णांक आधी संक्षिप्त करून), पण ते घाईत उलटं लिहिलं जातं. एकक बदलणं सुरक्षित.

१२. दोघं एकाच वेळी सुरू झालेच नसतील तर लसावि लागू होतो का?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण मुद्दा बरोबर पकडलाय. "परत एकत्र केव्हा" ला लसावि येतो तो एकदा एकत्र आले होते म्हणून. एक घंटा ८ वाजल्यापासून दर १२ मिनिटांनी आणि दुसरी ८ वाजून ६ मिनिटांपासून दर १८ मिनिटांनी वाजत असेल तर आधी पहिली भेट शोधावी लागेल. पहिलीच्या वेळा ०, १२, २४, ३६, दुसरीच्या ६, २४, ४२. ८ वाजून २४ मिनिटांनी जमलं, आणि तिथून पुढे दर ३६ मिनिटांनी, तो आपला लसावि.

आता दुसरी घंटा ८ वाजून ५ मिनिटांनी सुरू झाली असती तर? वेळा ५, २३, ४१, ५९ अशा येतात. पहिलीची प्रत्येक वेळ ६ च्या पाढ्यात असते आणि दुसरीच्या प्रत्येक वेळेला ६ ने भागलं की बाकी ५, म्हणून या दोन घंटा कितीही दिवस वाजल्या तरी एकत्र वाजणार नाहीत. हा ६ म्हणजे १२ आणि १८ चा मसावि. सुरुवातीतल्या फरकाला मसाविने भाग जात असेल तरच कधीतरी भेट होते, आणि ती झाली की पुढची केव्हा ते लसावि सांगतो. प्रश्न १० मधलं सम-विषमचं भांडणही हेच होतं, तिथे ६ आणि ४ चा मसावि २ होता आणि बाकींमधला फरक १.